पावसाने दरड का सुटते? वाळूच्या ट्रेमधील उतार आणि तुषार-पावसाचा प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. भू-तंत्राच्या प्रयोगशाळेत दीड-दोन आठवड्यांत उभा राहील असा एकच प्रयोग त्यात सविस्तर दिला आहे: 30 अंशांचा वाळूचा उतार, त्यावर तासाला 60 मिलिमीटर पाऊस आणि उताराच्या तळाशी साठणारे पाणी.

माती भिजून जड होते आणि म्हणून घसरते, हेच दाखवायचे आहे ना?

नाही. प्रयोगाला हात लावण्याआधी हा समज मनातून काढायला हवा. गावात दरड कोसळली की 'डोंगर पाणी पिऊन जड झाला' असे म्हणतात आणि परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांतही तेच उतरते. वजन वाढते हे खरे, पण वजनाबरोबर दोन्ही गोष्टी वाढतात: खाली ओढणारे बल आणि तळावर दाबून घर्षण देणारे बल. चिकटपणा नसलेल्या वाळूत ही वाढ दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात होते आणि सूत्रातून वजन सरळ निघून जाते. कोरड्या वाळूच्या लांब उताराचा फॅक्टर ऑफ सेफ्टी पाहा:

```
FS = tan φ / tan β
```

φ म्हणजे वाळूचा घर्षणकोन, β म्हणजे उताराचा कोन. यात वजन कुठेच नाही. आमच्या उदाहरणात φ = 34° आणि β = 30°, म्हणून FS = 0.6745 / 0.5774 = 1.17.

आता तळाशी पाणी साठून उतारालगत वाहू लागले की कणांमधल्या पाण्याचा दाब, म्हणजे पोअर प्रेशर, वाळूच्या थराला खालून उचलून धरतो. ओढणारे बल तसेच राहते, दाबणारे मात्र कमी होते:

```
FS = (1 − γw·h / (γ·H)) × tan φ / tan β
```

H ही थराची जाडी आणि h ही तळावर साठलेल्या पाण्याची जाडी. दोन्ही उताराला काटकोनात मोजायच्या. γ हे भिजलेल्या वाळूचे एकक वजन, γw पाण्याचे. H = 15 सेंमी आणि γ = 17 kN/m³ घेतले तर FS बरोबर 1 होण्यासाठी γw·h/(γ·H) = 0.144 व्हावे लागते. त्यावरून h येतो 3.7 सेंमी.

पंधरा सेंटिमीटरच्या थरात तळाला पावणेचार सेंटिमीटर पाणी. वरची अकरा सेंटिमीटर वाळू तेव्हा नुसती ओलसर असते, हाताने मूठ वळली तर लाडू होतो. तरीही उतार सुटतो. प्रयोगात डोळ्यांनी पाहायची आणि आकड्यांनी पकडायची गोष्ट हीच.

कोकणातल्या दरडींशी याचा संबंध किती?

यंत्रणा तीच, साहित्य वेगळे. रायगड जिल्ह्यात तळीये येथे 22 जुलै 2021 रोजी आणि इर्शाळवाडीला 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. दोन्ही घटना भर जुलैतल्या आणि मोठ्या पावसातल्या. सह्याद्रीच्या उतारांवर बेसॉल्टच्या खडकावर झिजलेल्या मातीचा आणि दगडगोट्यांचा थर असतो. पाणी या थरातून झपाट्याने खाली जाते आणि खालच्या घट्ट खडकावर अडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्याच्या भेगांतून उतरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते. दोन्हीकडे वरचा थर झिरपणारा आणि खालचा अडवणारा. ट्रेमध्ये वाळू हा वरचा थर आहे आणि ट्रेचा पत्रा हा खालचा.

ट्रे केवढा आणि कसा करायचा?

उताराचा भाग 120 सेंमी लांब, 50 सेंमी रुंद, कोन कायमचा 30 अंश. त्याच्या खालच्या टोकाला जोडून 30 सेंमी लांबीचा आडवा, सपाट भाग. बाजूच्या भिंती 10 मिमी जाडीच्या पारदर्शक अॅक्रिलिकच्या, म्हणजे आतले दिसेल. तळाला जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. साधे प्लायवुड आपल्याकडच्या दमट हवेत दोन पावसाळेही टिकत नाही. कडा फुगतात आणि सांध्यातून पाणी गळू लागते.

पायथ्याचा सपाट भाग गाळून टाकायचा मोह होतो, पण त्याच्यावर बरेच काही अवलंबून आहे. त्याऐवजी उताराच्या टोकाला 15 सेंमी उंचीची उभी जाळी लावली तर पूर्ण वाळू त्या जाळीला टेकून उभी राहते. मग तुम्ही उतार तपासत नसता, जाळीची ताकद तपासत असता. सपाट भागावर वाळूचा पृष्ठभाग त्याच 30 अंशांनी उतरवत नेला की 30 सेंमीच्या आत तो आपोआप शून्यावर येतो, कारण उताराच्या टोकाशी थराची उभी उंची 17.3 सेंमी आहे. त्या शेवटच्या कडेला 2-3 सेंमी उंचीची बारीक जाळी, आतून न विणलेल्या जिओटेक्स्टाइलची पट्टी आणि बाहेर पन्हळ एवढे पुरते.

कोन बदलता येणारा, जॅकवर उचलायचा ट्रे आकर्षक दिसतो. पहिल्या प्रयोगासाठी तो करू नये. कोरडी वाळूच सुमारे 155 किलो होते आणि पूर्ण भिजल्यावर 200 किलोच्या आसपास. एवढे ओझे तिरके उचललेल्या चौकटीखाली विद्यार्थी वाकून नळ्या तपासत असतात. अँगलची पक्की चौकट वेल्ड करून घ्या आणि तिचे चारही पाय जमिनीला बोल्ट करा.

तळाला वाळू चिकटवायलाच हवी का?

हवीच. गुळगुळीत पत्र्यावर वाळूचा घर्षणकोन तिच्या स्वतःच्या कोनापेक्षा कितीतरी कमी असतो. मग पाऊस सुरू व्हायच्या आधीच पूर्ण थर ताटातल्या वडीसारखा सरकतो. पत्र्यावर इपॉक्सीचा हात द्या, तो ओला असतानाच तीच वाळू चाळणीने भुरभुरवा, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून टाका. बोट फिरवल्यावर कुठेही गुळगुळीत लागता कामा नये. बाजूच्या अॅक्रिलिकला मात्र काही चिकटवू नका, तिथे घर्षण जितके कमी तितके बरे. रुंदी थराच्या जाडीच्या तिप्पटीहून अधिक ठेवली आहे ती याच कारणाने, भिंतींचा आधार कमी पडावा म्हणून.

वाळू कोणती घ्यायची? समुद्रावरची चालेल का?

समुद्रावरची नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असते, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत. खाडीच्या वाळूलाही मिठाची तीच अडचण. ती पत्रा आणि सेन्सर खाते. बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळणारी नदीची वाळू घ्या, 1.18 मिमीच्या चाळणीतून गाळा, 150 मायक्रॉनच्या चाळणीवर राहील तेवढीच ठेवा आणि पाणी गढूळ यायचे थांबेपर्यंत धुवा. क्रश सँड घेतली तर धुणे दुप्पट लागते, कारण तिच्यातली दगडाची भुकटी पाझर बंद करते.

निवडीचा खरा निकष रंग किंवा खरखरीतपणा नसून D10 आहे, म्हणजे वजनाने 10 टक्के कण ज्याच्यापेक्षा बारीक आहेत तो आकार. तो 0.2 मिमीच्या आसपास हवा. का, ते पुढच्या उत्तरात.

सगळे नीट केले, दोन तास पाऊस पाडला, उतार ढिम्म हलला नाही. काय चुकले?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दहापैकी आठ वेळा वाळू जाड असते. पाऊस आत येतो तितक्याच सहजपणे खालून निघून जातो, तळाशी साठतच नाही.

हिशेब असा. पाऊस बराच वेळ स्थिर राहिला की माथ्यापासून x अंतरावर तळाशी वाहणाऱ्या पाण्याची जाडी:

```
h = R·x / (k·tan β)
```

R म्हणजे पावसाचा वेग आणि k म्हणजे वाळूची पाझरक्षमता. तासाला 60 मिमी म्हणजे सेकंदाला 1.67 × 10⁻⁵ मीटर. k चा अंदाज हेझनच्या सूत्राने घ्या: D10 मिमीमध्ये धरून त्याचा वर्ग केला की k साधारणपणे सेंमी प्रति सेकंदात मिळतो. D10 = 0.2 मिमी असेल तर k = 0.04 सेंमी/से, म्हणजे 4 × 10⁻⁴ मी/से. सूत्रात घातल्यावर उताराच्या खालच्या टोकाशी h येतो 8.7 सेंमी. आपल्याला 3.7 पुरे होता, म्हणजे माथ्यापासून साधारण 52 सेंमीच्या खालचा सगळा उतार धोक्याची पातळी ओलांडतो.

आता D10 = 0.6 मिमीची जाडसर वाळू घ्या. k नऊपट होतो आणि तोच h उरतो एक सेंटिमीटरच्याही आत. हा उतार दोन तास काय, दोन दिवस पाऊस पाडला तरी उभा राहील. पायथ्याचा सपाट भाग पाणी थोडे मागे तुंबवतो, म्हणून प्रत्यक्ष पातळी पायथ्याजवळ सूत्रापेक्षा जास्त दिसते, पण नऊपटीचा फरक त्याने भरून निघत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी k मोजा, IS 2720 भाग 17 प्रमाणे, ट्रेमध्ये भरणार त्याच घनतेला. मग सूत्रात घालून h काढा. पायथ्याशी तो थराच्या निम्म्याच्या आसपास येत असेल तरच वाळू ट्रेमध्ये भरा. हे न करता दीडशे किलो वाळू भरली तर ती सगळी उपसायची वेळ येते.

उरलेल्या दोन वेळा φ अंदाजापेक्षा जास्त निघतो. 34 ऐवजी 36 अंश असेल तर लागणारे पाणी 3.7 वरून 5.3 सेंमीवर जाते. दोन अंशांचा एवढा फरक पडतो म्हणून डायरेक्ट शिअरची चाचणी ट्रेमधल्या घनतेलाच घ्यायची. पुस्तकातल्या तक्त्यातला कोन इथे चालत नाही.

वाळू भरायची कशी?

कोरडी भरू नका. कोरडी वाळू ओतताना जाड कण घरंगळत पायथ्याला जमतात आणि बारीक वर राहतात. म्हणजे पाणी निघायच्या जागीच पाझर वाढतो. वजनाच्या 5 टक्के पाणी मिसळा, 155 किलोला पावणेआठ लिटर, आणि ताडपत्रीखाली रात्रभर झाकून ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते.

उतारावर 5 सेंमीचे तीन थर द्या. कोरडी घनता 1.5 ग्रॅम प्रति घनसेंमी हवी असेल तर उताराच्या प्रत्येक थरात 47 किलो 250 ग्रॅम ओली वाळू बसली पाहिजे. तेवढी वजन करून घमेल्यांत बाजूला काढा. ती 5 सेंमीच्या खुणेपर्यंत बसेपर्यंत लाकडी धुमसाने हलके ठोका, उताराला काटकोनात, पायथ्याकडून माथ्याकडे जात. ठोकलेल्या थराचा वरचा भाग गुळगुळीत होतो. पुढचा थर घालण्याआधी तो काट्याने खरवडा. हे विसरले तर दोन थरांच्या मधला सांधाच घसरणीची पातळी होतो आणि अहवालात '5 सेंमी खोलीवर घसरण' असे लिहून बसावे लागते, जिचा पावसाशी संबंध नसतो.

अॅक्रिलिकला लागून दर 20 सेंमीवर रंगीत वाळूची उभी रेघ भरा. रांगोळी हाताशी असते म्हणून ती वापरतात, पण ती फार बारीक. भिजल्यावर तिचा गाळ होतो आणि तेवढ्या जागी पाणी अडते. त्याच वाळूला कापडाचा रंग देऊन वाळवून घ्या. घसरताना ही रेघ ज्या उंचीला तुटते किंवा वाकते तीच घसरणीची पातळी, आणि ती काचेतून मोजपट्टीने मोजता येते.

पावसासाठी बाथरूमचा शॉवर चालेल का?

चालत नाही, आणि का ते एका गुणाकारात कळते. साधा शॉवर मिनिटाला 6 लिटर पाणी देतो. ट्रेचे आडवे क्षेत्र 0.67 चौरस मीटर. म्हणजे तासाला सुमारे 540 मिमी पाऊस. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, त्याची सरासरी तासाला 39 मिमी येते. शॉवरखाली वाळू वाहून जाते, ओघळ पडतात, पायथ्याला ढीग होतो आणि त्यालाच दरड म्हटले जाते.

आपल्याला ट्रेवर मिनिटाला फक्त पाऊण लिटरहून कमी पाणी हवे आहे. आंबा-काजूच्या रोपवाटिकांत शेडनेटखाली लावतात ते बारीक तुषार देणारे नोझल घ्या. दोन ओळींत मिळून चार ते सहा, पृष्ठभागापासून दीड मीटर उंचीवर. काही पाणी ट्रेबाहेर पडणारच, म्हणून पंपाचा प्रवाह यापेक्षा जास्त लागेल. पंपाला बायपास व्हॉल्व्ह आणि दाबमापक लावा आणि प्रयोगभर दाब एकच ठेवा. थेट नळाला जोडले तर शेजारच्या वर्गात कोणी नळ सोडला की पाऊस बदलतो. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर नोझल तांबडे होऊन चोंदतात, त्यामुळे ठिबक सिंचनाचा डिस्क फिल्टर आधी लावलेला बरा.

तुषार बारीक असल्याने जूनमधला खिडकीतून येणारा वारा तो सरळ उडवून नेतो. चौकटीच्या चारही बाजूंनी प्लास्टिकचा पडदा सोडा.

60 मिलिमीटर पाऊस पडतो आहे हे कसे ठरवायचे?

वाळू भरण्याआधी, ट्रेच्या जागी फळी ठेवून तिच्यावर आडवे, सपाट मांडलेले एकसारखे पेले ठेवा. पेल्याचे तोंड 7 सेंमी असेल तर क्षेत्रफळ 38.5 चौरस सेंमी. तासाला 60 मिमी म्हणजे 10 मिनिटांत 10 मिमी, म्हणजे पेल्यात 38.5 मिलिलिटर. दहा मिनिटे पाऊस पाडा आणि मोजपात्रात ओतून मोजा.

समजा दहा पेल्यांत असे आले: 34, 41, 38, 44, 36, 40, 29, 39, 42, 37. बेरीज 380, सरासरी 38, म्हणजे तासाला 59 मिमी. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक, चिन्ह सोडून, जमवला तर 32 होतो. ख्रिस्तियानसेनचा समानता गुणांक:

```
CU = 100 × (1 − 32/380) = 91.6 %
```

80 टक्क्यांच्या वर पुरेसा मानायला हरकत नाही. तरी 29 चा पेला कुठे ठेवला होता ते पाहाच. तो माथ्याच्या कोपऱ्यात असेल तर सोडून द्या. पायथ्याजवळ मध्यभागी असेल तर एक नोझल चोंदलेले आहे आणि चांगला गुणांक ते लपवतो आहे.

पाण्याची पातळी मोजायला महागडे सेन्सर हवेत का?

पहिल्या प्रयोगाला नकोत. तळाच्या पत्र्याला मध्यरेषेवर चार भोके पाडा, उताराच्या खालच्या टोकापासून वर 15, 45, 75 आणि 105 सेंमीवर. प्रत्येकात छोटा निपल बसवा, आतून जिओटेक्स्टाइलचा तुकडा, बाहेरून 6 मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, आणि चारही नळ्या आलेख-कागद चिकटवलेल्या फळीवर उभ्या बांधा. झाला पिझोमीटर.

यात तीन चुका हमखास होतात. पहिली, नळीत हवेचा बुडबुडा राहतो आणि पातळी अडकून बसते. पाऊस सुरू करण्याआधी नळ्या उकळून थंड केलेल्या पाण्याने भरून घ्या आणि टिचकी मारून बुडबुडे काढा. दुसरी, बारीक नळीत पाणी केशाकर्षणाने आपोआप चढते. तीन मिमीच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते एक सेंटिमीटरपर्यंत चढू शकते आणि आपली धोक्याची पातळीच नळीवर साडेतीन सेंटिमीटरच्या आतली आहे. म्हणून नळीचा तुकडा बादलीत उभा धरून किती चढते ते पाहा आणि तेवढे प्रत्येक नोंदीतून वजा करा. तिसरी चूक हिशेबातली: नळी उभी उंची दाखवते आणि सूत्रातला h उताराला काटकोनात आहे. पाणी उताराला समांतर वाहत असताना नळीतली उंची म्हणजे h × cos 30°. 3.7 सेंमीची धोक्याची पातळी नळीवर 3.2 सेंमी म्हणून दिसते.

वाळू कोरडसर असेपर्यंत नळीतली पातळी उलट खाली जाते, कारण वाळू ते पाणी ओढून घेते. हे बिघाडाचे लक्षण नाही, मातीतले शोषण म्हणजे सक्शन आहे. वहीत तसे लिहून ठेवा.

पाऊस सुरू केल्यावर मिनिटागणिक काय दिसते?

वर दिलेल्या मापांचा हिशेब आणि ट्रेमधला क्रम जोडून सांगतो.

पहिली वीस-बावीस मिनिटे बाहेरून काहीच घडत नाही, आणि बघे पांगतात. काचेतून मात्र ओलीची गडद कड हळूहळू खाली उतरताना दिसते. भरताना वाळूत आकारमानाच्या साडेसात टक्के पाणी होते. पावसात ते वीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे साडेबारा टक्के भर, 17.3 सेंमी उभ्या जाडीत, सुमारे 22 मिमी पाऊस. तासाला 60 मिमीने तो 22 मिनिटांत पडतो. पृष्ठभागावरून पाणी वाहत नाही, कारण पावसाचा वेग वाळूच्या k च्या वीस पटींनी कमी आहे. वाहताना दिसले तर थेंब मोठे आहेत किंवा वाळूत गाळ आहे.

ओल तळाला टेकली की 15 सेंमीवरची नळी आधी हलते, मग 45 ची. पायथ्याची वाळू चमकू लागते. बोट टेकवले तर पाणी सुटते. पन्हळीत पहिले थेंब पडतात. इथून पुढे कॅमेरा बंद करू नका आणि उतारासमोर कोणाला उभे करू नका.

यानंतर साधारण दहा ते वीस मिनिटांत पायथ्याची पाचर आधी ढासळते, हाताएवढा तुकडा पसरून सपाट होतो. बरेच गट इथेच 'दरड झाली' म्हणून पंप बंद करतात. थांबू नका. पायथ्याचा आधार गेल्यावर वरच्या भागात, पृष्ठभागावर आडवी केसासारखी भेग उमटते. उदबत्तीच्या काड्या आधीच 10 सेंमीच्या चौकटीत रोवून ठेवल्या असतील तर भेगेखालच्या काड्या पुढे झुकलेल्या आणि वरच्या सरळ दिसतात. भेग दोन-तीन मिलिमीटर उघडते, मिनिटभर थबकल्यासारखी वाटते आणि खालचा पट्टा एका दमात निघतो. मग तिच्या वर दुसरी भेग, पुन्हा तेच. घसरण पायथ्याकडून माथ्याकडे चढत जाते.

माथ्याच्या भिंतीपासून वाळू सुटून पडलेली फट भेग म्हणून मोजू नका. ती ट्रेच्या टोकामुळे आहे. भिंतीपासून 10 सेंमीच्या आतले काहीही नोंदीत धरायचे नाही.

आमचा उतार 3.7 सेंमीला सुटला नाही, 5 ला सुटला. सूत्र चुकीचे आहे का?

सूत्र अनंत लांबीच्या उताराचे आहे. ट्रेमध्ये पायथ्याची पाचर टेकू देते, बाजूच्या भिंती थोडे धरतात आणि वरची ओलसर वाळू सक्शनमुळे तात्पुरती चिकट असते. तिन्ही गोष्टी उताराच्या बाजूने, त्यामुळे प्रत्यक्ष पातळी हिशेबापेक्षा जास्त येणे अपेक्षितच आहे. हिशेबापेक्षा कमी पाण्यात सुटला तर मात्र शोध घ्या: तळाची चिकटवलेली वाळू निघाली आहे, थर खरवडायचा राहिला आहे, किंवा अॅक्रिलिकच्या कोपऱ्यातून पाणी भिंतीलगत खाली धावते आहे. हे शेवटचे काचेतून ओळखता येते. ओलीची कड मध्यापेक्षा भिंतीशी पुढे गेलेली दिसते. कोपऱ्यात सिलिकॉन नव्याने भरावे लागेल.

आधी पडून गेलेल्या पावसाचा परिणाम दाखवता येतो का?

येतो, आणि दुसरा प्रयोग करायचा तर हाच करावा. ताजा उतार भरा, पंप 5 मिनिटे चालू आणि 10 मिनिटे बंद असा एक तास चालवा. सरासरी तासाला 20 मिमी होते. या पावसाला पायथ्याशी h तीन सेंमीच्या आत राहतो, म्हणून उतार उभा राहतो. प्लास्टिकने झाकून रात्रभर निथळू द्या. सकाळी वाळू कोरडी झालेली नसते. समजा 15 टक्के पाणी धरून बसली आहे. आता तोच 60 मिमीचा पाऊस सुरू केला की भरायला उरते 5 टक्के, म्हणजे सुमारे 9 मिमी. कालच्या 22 मिनिटांऐवजी ओल नवव्या मिनिटाला तळाला पोचते. पाऊस तोच, वाळू तीच, मुदत निम्म्याहून कमी. जूनभर भिजलेल्या डोंगरावर जुलैतली एक जोरदार सर काय करते ते या दोन आलेखांत शेजारी शेजारी दिसते.

उपाय दाखवायचा असेल तर?

तळावर, माथ्याकडून पायथ्याकडे, 20 मिमीचा भोके पाडलेला पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि तोंड पन्हळीत काढा. 50 सेंमी रुंदीत असे दोन. बाकी काहीही बदलू नका. नळ्यांमधली पातळी वर चढत नाही आणि उतार उभा राहतो. पायथ्याला विटांची भिंत बांधून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी शिकवणारे आहे. भिंत बांधायचीच असेल तर एकदा पाणी निघायच्या भोकांसह आणि एकदा भोके बुजवून बांधा. दुसऱ्या वेळी तिच्यामागे पाणी किती वेगाने चढते ते पाहा.

यावरून 'इतक्या मिलिमीटरला आमच्या गावचा डोंगर सुटेल' असे काढता येईल का?

येणार नाही, आणि असे वाक्य अहवालात लिहिणे धोक्याचे आहे. कोणीतरी ते खरे मानेल.

कारण असे. सक्शनमुळे आलेला चिकटपणा फक्त 1 kPa धरा. ट्रेच्या तळाशी खाली ओढणारा ताण γ·z·sin β·cos β = 17 × 0.173 × 0.433, म्हणजे 1.27 kPa. त्यामुळे एक kPa चिकटपणा FS मध्ये जवळजवळ 0.8 ची भर घालतो. तोच चिकटपणा 5 मीटर जाडीच्या खऱ्या उतारावर 0.03 च्या आतच भर घालतो. ट्रे तीसपट लहान झाला, पण वाळूचे कण आणि त्यांच्यामधले पाण्याचे पडदे लहान झाले नाहीत. वेळेचेही तेच: ट्रेमधली चाळीस मिनिटे म्हणजे डोंगरावरचे किती तास, याचे साधे त्रैराशिक नाही. ताणांची पातळी खऱ्यासारखी ठेवायची तर सेंट्रिफ्यूजमध्ये प्रतिकृती फिरवावी लागते.

अहवालात लिहा ते एवढे: कोणत्या k ला, कोणत्या पावसाला, किती h वर, कोणत्या जागेपासून उतार सुटला, आणि हिशेबाशी फरक किती व का.

वाळू पुन्हा वापरता येते का?

चार-पाच वेळा येते. दर वेळी ताडपत्रीवर पसरून वाळवा, रंगीत रेघा खरवडून वेगळ्या काढा आणि दोन किलोचा नमुना चाळून D10 पुन्हा तपासा. बारीक कण पन्हळीतून वाहून जात असतात, त्यामुळे D10 वाढत जातो. तो 0.25 मिमीच्या पुढे गेला की k दीडपटीहून जास्त झालेला असतो आणि पहिल्या प्रयोगाशी तुलना करता येत नाही. पन्हळीखालच्या बादलीत बसलेला गाळ वाळवून परत मिसळला तर ही वाढ बरीच आटोक्यात राहते.